क्रियापद नक्की कोणाच्या मागे जाते? (नोटीस उद्या लावायची आहे)

गच्चीवरचा_गडी

मंडळी, आमच्या सोसायटीचा मी नवा सचिव. नवा म्हणजे मागच्या सभेला चहा आणायला खाली गेलो आणि वर येईपर्यंत एकमताने निवडून आलो होतो. आता वार्षिक सभेची नोटीस लिहायची आहे. पहिला मसुदा तळमजल्यावरच्या निवृत्त बाईंना दाखवला. त्यांनी तीन वाक्यांना लाल पेनने गोल केले, "क्रियापद बघ" एवढेच म्हणाल्या आणि दार लावून घेतले. ती वाक्ये अशी:

१) कार्यकारी मंडळाने, लेखापरीक्षकांच्या सूचना व सभासदांच्या तक्रारी विचारात घेऊन, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर केल्या आहेत.

२) प्रत्येक सदनिकेतून पती किंवा पत्नी सभेस हजर राहावी.

३) अध्यक्षांसह सर्व कार्यकारिणी राजीनामा देणार आहेत.

पहिल्यातली चूक गोल केल्यावर दिसली, आधी चार वेळा वाचूनही दिसली नव्हती. दुसऱ्यात 'राहावा' लिहिले तर बायका भांडतील, 'राहावी' लिहिले तर नवरे घरी बसतील. तिसऱ्यात चूक काय तेच कळत नाही, कार्यकारिणीत सात माणसे आहेत की! उद्या संध्याकाळपर्यंत नोटीस फळ्यावर लागली पाहिजे. मदत करा.

ठसका

पूर्ण कार्यकारिणी राजीनामा देतेय आणि तुम्हाला क्रियापदाची काळजी? धन्य आहात.

सरळरेषा

सोपे आहे. क्रियापदाच्या सर्वात जवळ जे नाम असेल त्याच्याप्रमाणे क्रियापद चालवायचे. शाळेत हेच शिकवले होते. विषय संपला.

अर्धविराम

सरळरेषा, त्या नियमानेच तर पहिले वाक्य बिघडले आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात 'सूचना' आणि 'तक्रारी' घुमत होत्या, त्या स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून हाताने आपोआप 'केल्या आहेत' लिहिले. तुमचा नियम 'किंवा'ला बऱ्यापैकी लागू पडतो. पण मध्ये घुसलेल्या मजकुराला तो लावला की फसगत झालीच.

गडी, आधी एक गोष्ट बघायची सवय लावा: कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला आहे का? 'मंडळाने' म्हटले की मंडळ एक की अनेक, पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हा प्रश्नच निकालात निघतो. क्रियापद कर्त्याकडे बघायचे सोडून कर्माकडे बघते. काय मंजूर केले? अंदाजपत्रक. म्हणून 'केले आहे'. तिथे 'ठराव' असता तर 'केला', 'दुरुस्ती' असती तर 'केली'. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाकून वाचा: "कार्यकारी मंडळाने अंदाजपत्रक मंजूर केले आहे." आता 'केल्या' लिहायचा मोहसुद्धा होणार नाही.

मात्र झाकण्याआधी जो तुकडा झाकताय त्याला स्वतःचे क्रियापद आहे का ते बघा. इथे सूचना आणि तक्रारींना त्यांचे 'घेऊन' मिळालेले आहे. मुख्य क्रियापदावर त्यांचा काही हक्क उरत नाही.

लंडनचा_पाऊस

आयदर-ऑरबद्दल चालले आहे ना? माझ्या मुलीला शाळेत नेमके हेच होते. इंग्रजीत जवळच्या शब्दाप्रमाणेच क्रियापद येते, सरळरेषा बरोबर आहेत. आणि गंमत म्हणजे इथले क्रिकेटचे समालोचक 'इंग्लंड आर' म्हणतात, 'इंग्लंड इज' नाही. संघ एक असला तरी अकरा माणसे डोळ्यांसमोर. तेव्हा 'कार्यकारिणी आहेत' चालायला हवे.

अर्धविराम

धागा मराठीबद्दल आहे हो. पण तुम्ही म्हणता ते तिसऱ्या वाक्याच्या कामाचे आहे, कारण मराठीत तसे चालत नाही. "भारतीय संघ मैदानात उतरला" असेच आपण म्हणतो. अकरा जण उतरले तरी 'संघ उतरले' कोणी म्हणत नाही. जनता रस्त्यावर उतरते, लोक रस्त्यावर उतरतात. माणसे तीच, पण 'जनता' नेहमी एकवचनी आणि 'लोक' नेहमी अनेकवचनी. आपल्याकडे शब्दाचे वचन चालते, डोकी मोजत नाहीत. 'कार्यकारिणी' हा एकवचनी स्त्रीलिंगी शब्द, म्हणून "कार्यकारिणी राजीनामा देणार आहे". बाईंनी गोल केला तो 'आहेत'लाच असणार.

ठसका

पोलिसांचे काय मग? "पोलीस आला" म्हणजे पासपोर्टच्या चौकशीला. "पोलीस आले" म्हणजे पळा.

गच्चीवरचा_गडी

@अर्धविराम, पटले. पण 'अध्यक्षांसह' आहे ना तिथे. अध्यक्ष अधिक कार्यकारिणी, म्हणजे अनेकवचन नको का?

रात्रपाळी

यावर मी बोलतो, कारण या 'सह'ने माझ्या बऱ्याच रात्री खाल्ल्या आहेत. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. 'सह', 'सकट', 'बरोबर' लावले की ते नाम कर्त्याच्या रांगेतून बाहेर जाते. "आई मुलांसह आली", 'आल्या' नाही. 'आणि' लावले तरच बेरीज होते. त्यामुळे व्याकरणाने "अध्यक्षांसह सर्व कार्यकारिणी देणार आहे" हेच बरोबर.

पण व्याकरण बरोबर असूनही बातमी चुकते, तो किस्सा सांगतो. एकदा अपघाताची बातमी आली: "चालकासह चार महिला जखमी झाल्या." क्रियापद 'महिला'शी जुळते, कुठेही लाल रेघ मारता येत नाही. पान छपाईला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन: चालक बाई होती का? एकूण जखमी चार की पाच? वार्ताहराला विचारले तर चालक पुरुष, महिला चार, म्हणजे जखमी पाच. 'सह'मुळे चालक त्या चारांत धरायचा की बाहेर ठेवायचा, हे वाक्यावरून कळतच नव्हते. तेव्हापासून माणसे मोजायची असली की मी 'सह' काढूनच टाकतो. "चालक व चार महिला असे पाच जण जखमी झाले." 'पाच जण' म्हटले की आकडा येतो, क्रियापदालाही एक धड कर्ता मिळतो. दोन शब्द जास्त लागतात, पण सकाळी फोन येत नाहीत.

पंचगंगा

"माझ्यासह पाच जण नापास झाले" की "झालो"? बारावीच्या निकालापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे 😀

अर्धविराम

@पंचगंगा, हा खरोखर चांगला प्रश्न आहे. बोटाने 'माझ्यासह' झाकले तर "पाच जण नापास झाले" येते. पण आपण "आम्ही पाच जण गेलो होतो" यातला 'आम्ही' सर्रास गाळतो. "पाच जण गेलो होतो, गाडीत जागा नव्हती." तिथे 'गेलो'नेच कळते की बोलणारा त्यांत आहे. म्हणून 'झालो' मला चूक वाटत नाही. लेखी अर्जात मात्र मी 'झाले' लिहीन.

सरळरेषा

म्हणजे बोटाचा नियमही संपला! माझाच बरा होता.

पंचगंगा

आमच्याकडे तर पोरीसुद्धा "मी येतो" म्हणतात. पुण्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणी पहिला आठवडाभर माझ्याकडे बघतच होत्या. तेव्हा क्रियापद कर्त्याच्या मागे जाते वगैरे आम्हाला सांगू नका, कोल्हापुरात क्रियापद स्वतःच्या मर्जीने जाते.

खमंग_फोडणी

माझी अडचण स्वयंपाकघरातली. पाककृती लिहिते तेव्हा दरवेळी अडते. "दोन वाट्या रवा भाजला" की "भाजल्या"? वाट्या तर भाजल्या नाहीत मी. पण "चार चमचे तूप घातले" यात 'घातले' चमच्यांचे की तुपाचे, तेच कळत नाही.

ठसका

वाट्या भाजल्यात तर फोटो टाका.

आडत्या_निफाडचा

ताई, हे आमच्या बाजारात रोजचं. पट्टीवर लिहितो "दोनशे गोणी कांदा भिजला". भिजला कांदा. आणि हमाल ओरडत येतो "दोनशे गोण्या फाटल्या", तेव्हा फाटल्या त्या गोण्या. बघा, माप म्हणून बोलताना 'गोणी' असंच राहतं, 'गोण्या' होत नाही. मोजायची वस्तू म्हणून बोललो की 'गोण्या'. माप एकवचनात राहिलं की क्रियापद मालाच्या मागे जातं. चाळीस वर्षं पट्ट्या लिहितोय, हिशोब चुकला असेल पण हे चुकलं नाही.

खमंग_फोडणी

वा! पण मग मी 'दोन वाट्या रवा' लिहिते, 'दोन वाटी' नाही. माप अनेकवचनात आहे. आता क्रियापद कोणाचे?

अर्धविराम

@आडत्या_निफाडचा, गोणी-गोण्यांचे निरीक्षण सुंदर आहे. पण ती खूण आहे, पुरावा नाही. 'दोन वाट्या रवा भाजला' यात माप अनेकवचनात असूनही क्रियापद रव्याकडेच जाते, कारण रवा तिथे उघडा उभा आहे, त्याला 'चा-ची-चे' लागलेला नाही. तो लागला की बाजू पालटते: "केळ्यांचा घड पडला", "चाव्यांचा जुडगा सापडला". केळी कितीही असोत, पडला तो घड. बाजारभावाच्या बातमीत "वीस हजार क्विंटल कांद्याची आवक झाली" असते, तिथेही 'झाली' आवकेची आहे.

तूप आणि चमच्यांचे उत्तर मात्र 'घातले'वरून कधीच कळणार नाही. 'चमचे' पुल्लिंगी अनेकवचन, 'तूप' नपुंसकलिंगी एकवचन, दोघांचे भूतकाळी रूप लेखनात सारखेच. बोलण्यात मात्र कळते. तुम्ही "तूप घातलं" म्हणता ना? मग ते तुपाचे.

रात्रपाळी

याच कारणाने 'मंडळी' शब्द दगा देतो. गड्याने धाग्याची सुरुवातच त्याने केली आहे. "ही सगळी मंडळी आली" यात 'ही', 'सगळी', 'आली' ही तिन्ही रूपे स्त्रीलिंगी एकवचनाचीही असू शकतात आणि 'मुले'सारख्या नपुंसकलिंगी अनेकवचनाचीही. पुढे 'आहे' लिहा किंवा 'आहेत', दोन्हींना कोणीतरी पत्र पाठवतो.

सरळरेषा

मंडळी स्त्रीलिंगी एकवचनी. शब्दकोश उघडा.

अर्धविराम

शब्दकोश उघडलात तर उदाहरणेही बघा. मी मंडळीला विभक्ती लावून बघतो. पाहुण्यांबद्दल बोलताना आपण "मंडळींना वाढा" म्हणतो, 'मंडळीला वाढा' माझ्या कानाला तरी चमत्कारिक लागते. तो अनुस्वार अनेकवचनाचा. पण मंडळी म्हणजे नाटक कंपनी असेल तर? गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. तिथे "मंडळीचे मालक", "मंडळीच्या खेळांना गर्दी", सगळे बिनअनुस्वाराचे. म्हणजे संस्था असेल तेव्हा शब्द एकवचनी, समोर बसलेली माणसे असतील तेव्हा अनेकवचनी वागतो. म्हणून "नाटक मंडळी गावात आली आहे" आणि "पाहुणे मंडळी आली आहेत" ही दोन्ही मला बरोबर वाटतात.

सरळरेषा

आम्ही सगळे "पाहुणे मंडळी आली आहे" म्हणतो. आमच्या घरी कोणी 'आहेत' म्हणत नाही. मंडळींना म्हणतो, हे मान्य.

अर्धविराम

मग तुमच्या घरी मंडळी येताना एक असते आणि जेवताना अनेक होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. दोन्ही कानावर येतात, खरेच.

ठसका

येताना एक आणि जेवताना अनेक. आमचे सगळे नातेवाईक असेच.

गच्चीवरचा_गडी

मंडळी (आहे/आहेत), माझे दुसरे वाक्य राहिले! पती किंवा पत्नी. दुपार झाली.

सरळरेषा

जवळचे नाम 'पत्नी', म्हणून 'राहावी'. तुम्ही लिहिलेले बरोबरच आहे. बाईंना सांगा.

लंडनचा_पाऊस

'पत्नी किंवा पती हजर राहावा' करा आणि दरवर्षी आलटून पालटून छापा.

खमंग_फोडणी

आमच्या शाळेच्या पत्रकात याहून वाईट होते: "विद्यार्थ्याची आई किंवा वडील उपस्थित राहावी." वडील राहावी! वडील शब्द तर नेहमी अनेकवचनी, "वडील आला" कोणी म्हणत नाही.

अर्धविराम

'किंवा'ला जवळचे नाम धरायचे हे सरळरेषांचे म्हणणे खरे. "आई किंवा वडील उपस्थित राहावेत" हे व्याकरणात बसते. पण वाचणाऱ्या आईला ते आपल्यासाठी वाटत नाही, कारण मराठी क्रियापद लिंगही बोलून दाखवते. त्यामुळे भांडण सोडवत बसण्यापेक्षा क्रियापदाचे तोंड बंद करावे. दोघांनाही 'ने' लावा: "पतीने किंवा पत्नीने सभेस हजर राहावे." 'ने'मुळे क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, आणि 'हजर राहणे' याला कर्म नाही म्हणून बघायला दुसरे कोणी उरत नाही. मग ते 'राहावे' असे तटस्थ उभे राहते. कर्ता कोणीही असो, किती असोत, तेच रूप. "सर्व सभासदांनी हजर राहावे", इथे 'राहावेत' लिहिले जाते तो नोटिसांमधला नेहमीचा घोटाळा.

मात्र कर्म आले की ते रूप पुन्हा हलते. "पतीने किंवा पत्नीने वर्गणी भरावी", "पैसे भरावेत". इथे 'भरावेत' बरोबर, कारण पैसे अनेक आहेत.

रात्रपाळी

आणि सभा झाल्यावर इतिवृत्त लिहाल तेव्हा? "प्रत्येक घरातून पती किंवा पत्नी हजर होता/होती/होते"? तिथे 'ने' लावता येत नाही.

अर्धविराम

तिथे "दोघांपैकी कोणीतरी हजर होते". माणूस पुरुष की बाई हे माहीत नसले की मराठी नपुंसकलिंगात जाते. दाराची बेल वाजली की आपण "कोण आलंय बघ" म्हणतो, "कोण आलाय" नाही. पुढच्या सभेबद्दल असेल तर आणखी सोपे, भविष्यकाळात लिंग दिसतच नाही: "पती किंवा पत्नी हजर राहील."

पंचगंगा

लिंग मिटले, पण "तू किंवा मी"चे काय? आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी येते. नवरा म्हणतो, "उद्या मी किंवा तू उठशील." व्याकरणाने बरोबर म्हणे, जवळचा 'तू' आहे. पण 'उठशील' ऐकले की ठरूनच गेले ना कोण उठणार ते! मी म्हटले, "तू किंवा मी उठेन" म्हण. तर म्हणतो, "बरं, उठ मग."

ठसका

साष्टांग दंडवत त्या माणसाला.

खमंग_फोडणी

@पंचगंगा, "दोघांपैकी एकाने उठायचं" म्हणा. 'ने' लावला की सुटका, आताच शिकलो ना आपण.

पंचगंगा

सांगून बघितले. "एकाने म्हणजे कोणी?" असे विचारून तो झोपला.

आडत्या_निफाडचा

आमच्यात या भानगडी नाहीत. "एकतर भाऊ आला नाहीतर वहिनी आली." ज्याचं क्रियापद त्याच्याजवळ. एकाच क्रियापदाला दोघांत कशाला वाटायचं?

अर्धविराम

@आडत्या_निफाडचा, खरे तर हेच सगळ्यात मराठी वळण आहे. "ना भाऊ आला, ना बहीण आली." नोटिशीत लांब होते म्हणून आपण किंवा-किंवा करत बसतो.

गच्चीवरचा_गडी

सर्वांचे आभार. सुधारून बाईंकडे नेले. "मंडळाने... अंदाजपत्रक मंजूर केले आहे", "पतीने किंवा पत्नीने हजर राहावे", "अध्यक्षांसह सर्व कार्यकारिणी राजीनामा देणार आहे". तिन्हीवर बरोबरची खूण मिळाली. पण मी शेवटी एक नवी ओळ घातली होती, तिला गोल केलाय: "सभेनंतर प्रत्येकास दोन बिस्किटे किंवा एक बटाटेवडा देण्यात येतील." काय चुकले?

सरळरेषा

जवळचे नाम 'बटाटेवडा', एकवचन. म्हणून 'देण्यात येईल'. आता तरी माना.

अर्धविराम

मानले. इथे सरळरेषा शंभर टक्के बरोबर आहेत.

रात्रपाळी

किंवा क्रम उलटा करा: "एक बटाटेवडा किंवा दोन बिस्किटे देण्यात येतील." अनेकवचनी शेवटी ठेवले की कानाला खटकत नाही.

गच्चीवरचा_गडी

बाईंना विचारून आलो. त्यांनी क्रियापदाला गोल केलेलाच नव्हता, 'किंवा'ला केला होता. म्हणाल्या, "वर्गणी वाढवलीत ना? मग 'आणि' लिही."

ठसका

'आणि' लिहिले की 'येतील' बरोबर. क्रियापद पहिल्यापासून बरोबर होते, वडा कमी पडत होता.